तिच्या तिरप्या ओळी

माझं काम नेमकं काय, हे आर्णीतल्या माझ्या मैत्रिणींना अजून समजलेलं नाही. "दिवसभर मोबाइलवर पुस्तक वाचते अन् त्याले काम म्हणते," असं एकीनं मला तोंडावर सुनावलं. मी म्हटलं, वाचत नाही बाई, दाबून पाहते. बाजारात वांगं घेताना तू नाही का दाबून पाहत, तसं.

छापील पुस्तकाची जुनी फाइल यवतमाळच्या एका डीटीपीवाल्या भाऊंकडे जाते. ते तिचं ई-बुक करतात आणि माझ्याकडे पाठवतात. मग मी अनुक्रमणिकेतल्या एकेका प्रकरणावर बोट टेकवते. टेकवलं तेच प्रकरण उघडलं पाहिजे. छापताना ओळीच्या शेवटी जागा पुरली नाही म्हणून शब्द तोडायला घातलेले हायफन असतात, ते आता मोबाइलवर ओळीच्या मधोमध येऊन बसतात, ते वेचून काढते. आणि मूळ पुस्तकात जी अक्षरं तिरपी होती ती तिरपीच राहिलीत का, ते बघते. एवढंच. पण या एवढ्यावरून माझं डोकं इतक्या वेळा फिरतं की नवरा खालच्या खत-बियाण्यांच्या दुकानातून ओरडून विचारतो, "आज कोणाचं पुस्तक हाये?"

त्या दिवशी पुस्तक पांढरकवड्याच्या एका निवृत्त गुरुजींचं होतं. पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, जुनं पुस्तक आहे, छापील प्रत आमच्याकडे एकही उरलेली नाही, फाइलवरूनच तपासा. मला तिथंच राग आला. मूळ प्रत समोर नसताना तपासायचं म्हणजे नवरी न पाहता पसंती सांगायची. पण मी हो म्हटलं, कारण पाठोपाठ त्या गुरुजींचाच फोन आला.

"ताई, मी बोलून राह्यलो, पांढरकवड्याहून," ते म्हणाले. "तुमच्याकडं माहं पुस्तक आलं म्हणे. जरा लवकर होईन काय?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, की काम नीट व्हायला वेळ लागतो, सर. त्यावर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या मधली नजर चालली होती. कडेनं दिसायचं, मधे धुकं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आहे तेवढी नजर वापरून घ्या. छापील पुस्तक भिंग लावूनही जमत नव्हतं. पण मुलानं टॅब आणून दिला होता, त्यावर अक्षर मोठ्ठं केलं, एका ओळीत तीन शब्द मावतील इतकं, की वाचता यायचं.

"छापून आलं तवापासून मी ते एकदाही वाचलं नाही," ते म्हणाले. "आधी राहून गेलं, मंग आमची ही गेली, अन् हात लावायचा धीर झाला नाही. आता धीर आला तं डोळे चालले. एकदा वाचायचं हाये, बस."

फोन ठेवला आणि मी पदर खोचला. असं काम मला सारखं मिळत नाही. बहुतेक पुस्तकं कोण वाचणार, हे मला माहीत नसतं. इथं वाचणारा माणूस मला माहीत होता, तो कसा वाचणार तेही माहीत होतं. मी माझ्या मोबाइलवर अक्षर वाढवत वाढवत तीन शब्दांच्या ओळीपर्यंत नेलं आणि ठरवलं, आपण सरांसारखंच वाचायचं.

पहिल्यांदा अनुक्रमणिका. "कोलामपोड" वर बोट टेकवलं, तर उघडलं "नोकरीची ऑर्डर". "भिंत" वर टेकवलं, तर "कोलामपोड". सगळं एक घर मागं. मी यवतमाळला फोन लावला.

"भाऊ, प्रस्तावना मागाहून घातली काय तुम्ही?"

"हाव ताई, प्रकाशकानं उशिरा पाठवली. काहून?"

"काहून म्हणजे? लिंका आधीच जोडून ठेवल्या होत्या ना? पहिल्या फाइलच्या जागी प्रस्तावना घुसली, अन् सगळी प्रकरणं एकेक घर सरकली. बोट ठेवावं सोनाराकडं अन् दार उघडावं न्हाव्याचं."

भाऊ हसले. मी नाही हसले. साध्या डोळ्यांचा माणूस चुकीचं प्रकरण उघडलं तर दोन-चार पानं सरकवून पुढं जातो. सरांच्या मोठ्या अक्षरात एका प्रकरणाची शेकडो पानं होत होती. त्यांना बोट टेकवून जाण्याशिवाय वाटच नव्हती. भाऊंना मी तसं बजावून सांगितलं, आणि मग त्यांचंही हसू थांबलं. लिंका त्यांनी जेवायच्या आत दुरुस्त करून पाठवल्या.

मग हायफन. "मास्त-र", "शाळे-त", "विद्यार्-थी". भाऊंना म्हटलं हे काढा, तर त्यांनी एका फटक्यात पुस्तकातले सगळेच काढून टाकले. फाइल परत आली तेव्हा "पाचसहा पोरं" आणि "दोनतीन मैल" अशी जोडगोळी झालेली. मी पुन्हा फोन लावला. माझा आवाज खाली दुकानात पोचला असणार, कारण नवरा गिऱ्हाइकाला सांगत होता, "काही नाही, हायफन चालू हाये."

शेवटी आधीची फाइल परत घेतली आणि एकेक हायफन शोधून मीच निवडत बसले. हा ठेवायचा, हा काढायचा. तांदळातले खडे निवडतात तसंच काम, आणि मला ते मनापासून आवडतं, खरं सांगायचं तर. त्यात काही हायफन दिसतच नव्हते. लपलेले. शब्द ओळीच्या शेवटी आला की तेवढ्यापुरते उगवायचे, अक्षर लहान केलं की गायब. नेहमीच्या आकारात वाचलं असतं तर मला त्यांचा पत्ताही लागला नसता. सरांच्या आकारात वाचत होते म्हणून सापडले. एकेक सापडला की मी जागेवरून उठून खोलीत एक फेरी मारत होते, इतका आनंद.

आणि हे चालू असताना पुस्तक मला खटकायला लागलं.

पुस्तक छान होतं. पांढरकवड्याच्या जंगलपट्ट्यात, कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, शाळा चालवल्याच्या आठवणी. साधी, स्वच्छ भाषा. पण मधेच काहीतरी भलतंच यायचं. सर लिहितात, "पोडावर पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा धो धो पाऊस पडत होता." आणि लगेच पुढं, "पाऊस कायचा. नाल्यात पाय घसरलता." सर लिहितात, "त्या उन्हाळ्यात शाळेची भिंत मी एकट्याने लिंपली." पुढं, "एकट्यानं? अन् माती कालवली कोणं?" सर लिहितात, "पोरं मला कधी घाबरली नाहीत." पुढं, "घाबरे. रूळ दिसला का पळे."

मला कळेना. या माणसाला झालंय काय? एक वाक्य लिहायचं आणि दुसऱ्यात स्वतःच मोडून काढायचं? तेही मधेच वऱ्हाडीत? मी समासात शेरे मारत गेले. लेखक आपलंच खोडतात. भाषेचा मेळ नाही. काढावे? काढावे? काढावे? एका जागी तर प्रकरणाच्या मधोमध एक ओळ एकटीच उभी होती, "झालं काय लिहून?" त्यापुढं मी लिहिलं, "हे कशाला?"

या सगळ्या वाक्यांत एकच मला मनापासून आवडलं होतं. शेवटाकडं सर लिहितात, "नोकरी संपली त्या दिवशी शाळेकडे मी वळूनही पाहिलं नाही. खोटं आहे हे. डोळ्यांत पाणी होतं." त्यापुढं मी शेरा मारला, "सुंदर. ठेवणे." म्हटलं, आपलंच खोडायचं तर असं खोडावं माणसानं.

शेरे पाठवण्याआधी लेखकाला विचारायची माझी पद्धत आहे. सकाळी सरांना फोन लावला. जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"सर, तुम्ही स्वतःच स्वतःला खोटं कशाला पाडता पुस्तकात?"

"म्हणजे?"

"हे पाहा ना. तुम्ही म्हणता पाऊस होता. अन् लगेच म्हणता, पाऊस कायचा, नाल्यात पाय घसरलता."

तिकडं चालू असलेला रेडिओ त्यांनी बंद केला. मला वाटलं फोन कटला.

"सर?"

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"थे मी नाही म्हटलं, ताई. आमची ही म्हणे थे." त्यांचा आवाज बदलला होता. "मी संध्याकाळी लिहिलेलं तिले वाचून दाखवो. ती तूर निवडत बसे, नाही तं भाजी चिरत, अन् मधातच टोके. मी तसंच घालून टाकलं पुस्तकात. तिरप्या अक्षरात. काहून, तिरपं नाही काय तिथं?"

मी खुर्चीत होते ती उभी राहिले. पुस्तकभर एक बाई बोलत होती, आणि फाइलमध्ये तिची अक्षरं सरळ झाली होती. एकही तिरपी ओळ उरली नव्हती. दोन माणसांचा संसार फाइलनं एकाच्याच तोंडी घातला होता. आणि मी, तपासणारी, तिच्या प्रत्येक ओळीपुढं "काढावे" लिहीत सुटले होते. ती फाइल तशीच पुढं गेली असती, तर सरांनी आपलं पुस्तक उघडलं असतं आणि बायको त्यातून गेलेली असती.

"नाही सर," मी सांगितलं. "सगळं सरळ आलंय. पण तुम्ही काळजी करू नका. मी येते."

"कुठं येता?"

"पांढरकवड्याला. तुमच्याकडं छापील प्रत आहे ना एखादी?"

"एकच हाये."

"बस झाली."

यवतमाळच्या भाऊंना निघता निघता विचारलं. ते म्हणाले, जुन्या प्रोग्राममध्ये तिरप्या अक्षरांचा फॉन्टच वेगळा असे. जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करताना दोन्ही फॉन्ट एकाच साच्यातून गेले आणि सगळं सरळ होऊन बाहेर पडलं. "ताई, थे पुस्तक मीच कंपोज केलतं त्या काळी," ते म्हणाले. "पण कोणत्या ओळी तिरप्या होत्या थे आता मले कसं आठवंन?" मी म्हटलं, नाही आठवणार, राहू द्या, मी पुस्तकावरून लावून घेते.

लॅपटॉप पिशवीत टाकला आणि घाटंजीवरून पांढरकवड्याची एसटी धरली. खरं सांगते, माहेरी जाताना इतकी घाई मला कधी झाली नव्हती. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं होती आणि मी मांडीवर मोबाइल ठेवून ओळी शोधत होते. ही तिची असेल. ही पण तिचीच. आता माहीत झाल्यावर ती पानोपानी दिसत होती. काय बाई होती. नवऱ्यानं शाळेला बक्षीस मिळाल्याचं दीड पान लिहिलं होतं आणि खाली तिची एक ओळ, "तवा घरात तेल नव्हतं." मी एसटीतच हसले. शेजारच्या बाईनं पदर सावरून माझ्याकडं पाहिलं.

सरांचं घर हायवेपासून आत, ट्रकांचे हॉर्न पोचतील इतक्या अंतरावर. सर दारातच बसले होते. बोलताना ते माझ्याकडं न पाहता माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत, कारण तिथून मी त्यांना दिसत होते. त्यांच्या सुनेनं कपाटातून पुस्तक काढून आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. मी उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. होती. पानापानावर तिरपी अक्षरं होती.

"पुस्तक हातात आलं तवा तिनं पहिली दोन-चार पानं पाह्यली," सर म्हणाले. "म्हणे, तुमची अक्षरं नीट अन् माहीच वाकडी काहून?"

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, लोकाईले समजलं पाह्यजे ना कोण बोलून राह्यलं. तं म्हणे, लोकाईले समजते. माह्यासारखं तुमाले घरात कोण बोलते?"

सून हसत चहा ठेवायला आत गेली. मी लॅपटॉप उघडला.

सरळ रीत अशी होती, की मी पुस्तक पाहायचं, फाइलमधली ओळ निवडायची, तिला तिरप्या अक्षरांची खूण लावायची, आणि पुढं जायचं. पण सरांना राहवेना. ते म्हणाले, तुम्ही फक्त वाक्य वाचा, कोणाचं थे मी सांगतो, मंग पुस्तकात पाहा. मग काय, आमचा खेळच सुरू झाला.

"एकट्यानं? अन् माती कालवली कोणं?"

"हिचं."

"पोरं मला कधी घाबरली नाहीत."

"माहं."

"रूळ दिसला का पळे."

"हिचं. रूळ तिनंच लपवून ठेवलता एकदा. मले दोन दिवस सापडला नाही."

एकेका ओळीला ते सांगत, मी पुस्तकात पाहत होते, आणि ते बरोबर निघत होते. मी त्यांना फसवायलाही पाहिलं. त्यांचंच एक वाक्य तिच्या ठेक्यात वाचलं. "माहं," ते म्हणाले, "तुम्ही कसंही वाचा." सूनबाई चहा घेऊन आली ती पाट घेऊन तिथंच बसली. तीही मधेच ओळखायला लागली. मी इतकी रंगून गेले होते की चहा तसाच राहिला, दोनदा गरम करून आणावा लागला. आणि दर ओळीमागं मी तिरप्या अक्षरांची खूण लावत होते. एकेक ओळ कलत होती. पडद्यावर ती बाई पुन्हा बोलायला लागली होती.

मग मी छापील अनुक्रमणिका पाहिली. शेवटचं प्रकरण, तिरप्या अक्षरांत, "झालं काय लिहून?"

म्हणजे ती एकटी उभी असलेली ओळ मथळा होता. शेवटच्या प्रकरणाचा मथळा. बाकीचे मथळे एका ठरलेल्या शैलीत होते, त्यावरून भाऊंच्या प्रोग्रामनं प्रकरणं ओळखली होती. हा एकच मथळा तिच्या शब्दांत म्हणून तिरप्या फॉन्टमध्ये होता. प्रोग्रामला तो साधी ओळ वाटला, आणि अख्खं प्रकरण आधीच्या प्रकरणाच्या शेपटाला चिकटून गेलं. अनुक्रमणिकेत नाव नाही, लिंक नाही. सरांना तिथं पोचायला शेकडो पानं बोटानं ओढावी लागली असती. ते पोचले नसते.

मी तिथंच ते प्रकरण वेगळं कापलं, ओळीला मथळा केलं, अनुक्रमणिकेत घातलं, लिंक जोडली. बोट टेकवून पाहिलं. उघडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उघडलं. उगाच तीन-चारदा टेकवून पाहिलं.

"सर," मी म्हटलं, "या प्रकरणात तुमचं एक वाक्य आहे, मला सगळ्या पुस्तकात ते आवडलं. तुमचं स्वतःचं."

"कोणतं?"

मी वाचलं. "नोकरी संपली त्या दिवशी शाळेकडे मी वळूनही पाहिलं नाही. खोटं आहे हे. डोळ्यांत पाणी होतं."

सरांनी मान हलवली. "पह्यलं माहं. बाकीचं हिचं."

मी पुस्तक पाहिलं. पान खिडकीशी नेऊन पाहिलं. "नाही सर. हे सरळ आहे."

"काय सरळ आहे?"

"खोटं आहे हे. डोळ्यांत पाणी होतं. पुस्तकात सरळ छापलंय. तुमच्या अक्षरात."

सर माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत राहिले. सूनबाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"मंग पुस्तकच चुकलं, ताई," ते सावकाश म्हणाले. "मी वाचून दाखवलं तवा ती चुलीकडं तोंड करून बसलती. पाठ माह्याकडं. वळलीही नाही. तशीच म्हणाली. मी आजही आवाज सांगू शकतो तुमाले."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुस्तक निघालं तेव्हा नागपूरला कार्यक्रम झाला होता. भाषण करणाऱ्यानं नेमकं हेच वाक्य वाचून दाखवलं, सभागृहात टाळ्या पडल्या. "मले वाटलं, लोक तिची तारीफ करून राह्यले," सर म्हणाले. "मी घरी आलो अन् तिले म्हटलं, तुह्या वाक्याले टाळ्या पडल्या. ती लय खूश झाली. म्हणे, पाहा, अन् तुम्ही म्हणता मी मधात बोलते."

ती टाळी त्यांनाच मिळाली होती, हे त्यांना त्या दिवशी माझ्यासमोर कळलं.

"तिनं शेवटपर्यंत वाचलं नव्हतं का पुस्तक?"

"नाही. म्हणे, मले पाठ हाये, वाचू कायले."

मी यवतमाळला फोन लावला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, सरांच्या हस्तलिखितात तिरप्या ओळींखाली रेघ मारलेली असे. एखादी रेघ नजरेतून सुटली असंन. मलेही थे वाक्य सरांचंच वाटलं असंन ना, म्हणून 'हाये'चं 'आहे' मीच करून टाकलं असंन."

सगळ्यांनाच वाटलं होतं. भाऊंना वाटलं, भाषण करणाऱ्याला वाटलं, मला वाटलं. मी तर "सुंदर, ठेवणे" लिहिलं होतं, तिच्या बाकी सगळ्या ओळी काढायला सांगून.

"भाऊ, मी ही ओळ तिरपी करून राह्यली."

"पण छापील पुस्तकात सरळ हाये ना? तुम्हीच म्हणता, पुस्तकाच्या पुढं जायचं नाही."

"म्हणते. आज जाते. लेखक समोर बसलेत."

"अन् प्रकाशकाले कोण सांगंन?"

"मी सांगते. त्याईची काळजी तुम्ही नका करू."

मी ओळ निवडली, 'आहे'चं 'हाये' केलं आणि ती तिरपी केली. फाइल सरांच्या टॅबवर पाठवली, उघडली, आणि माझं कपाळ गरम झालं. सगळं पुन्हा सरळ. एक ओळ तिरपी नाही. इतक्या तासांची मेहनत, आणि सर समोर हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलेले. मी दोन मिनिटं तिथंच घाम पुसत बसले. मग लक्षात आलं. फाइलमध्ये भाऊंनी जो फॉन्ट बसवून दिला होता त्याला तिरपा भाऊबंद नव्हताच, आणि सरांचं ॲप आपण होऊन अक्षर कलवत नव्हतं. मी तो फॉन्ट काढून टाकला आणि टॅबचा स्वतःचा फॉन्ट घेऊ दिला. फाइल परत पाठवली, उघडली. तिरपं. इतकं स्वच्छ तिरपं, की मी सूनबाईचा हात धरला.

अक्षर मोठं केलं, तीन शब्दांची ओळ झाली. एक हायफन कुठं उगवला नाही, ते मी आधी पाहून घेतलं. मग टॅब सरांच्या हातात दिला.

मला वाटलं ते पहिल्या पानापासून वाचतील. त्यांनी अनुक्रमणिका काढली, टॅब जरा बाजूला धरला, कडेच्या नजरेनं खालपर्यंत गेले आणि "झालं काय लिहून?" वर बोट टेकवलं. उघडलं. मथळा तिरपा, मोठा, पडदाभर. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग पुढं वाचू लागले, सावकाश, शाळेतल्या पोरांना वाचून दाखवावं तसं. एकेक पान बोटानं सरकवत होते. आम्ही दोघी हललो नाही.

"नोकरी संपली," त्यांनी वाचलं. पान सरकवलं. "त्या दिवशी शाळेकडे." सरकवलं. "मी वळूनही पाहिलं नाही."

बोट थांबलं. मग सरकवलं.

ते तिरप्या अक्षरांकडं बराच वेळ पाहत राहिले. ती ओळ मात्र त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. ते ऐकत होते. मग मान आतल्या दाराकडं, चुलीच्या जागी आता गॅस आहे तिकडं वळवून, घरात रोज बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "बरं. होतं पाणी."

आणि त्यांनी पुढचं पान सरकवलं.